चौदावा प्रश्न रद्द

डोंबिवलीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. घर ठाण्याला, नौपाड्यात. सकाळी सातचं पहिलं लेक्चर गाठायचं म्हणजे साडेपाचला चहा झालेला असायचा. नोकरीला वीस वर्षं होऊन गेली होती. एवढ्या वर्षांत मी किती प्रश्नपत्रिका काढल्या याचा हिशोब कधी ठेवला नाही, आणि त्यातली एखादी आपल्यावरच उलटेल असंही कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गाची वीस मार्कांची अंतर्गत चाचणी होती. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर उत्तराला एक मार्क, चुकीला वजा काही नाही. कॉम्प्युटर लॅबमध्ये दोन तुकड्या करून ती घ्यायची, मंगळवारी उत्तरसूची आणि मार्क दोन्ही विद्यार्थ्यांना दाखवायचे, आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत मार्क विद्यापीठाच्या पोर्टलवर भरून कुलूपबंद करायचे. पास व्हायला वीसपैकी आठ लागत. आठच्या खाली गेलं की अंतर्गत परीक्षेतच नापास. मग लेखी पेपरात कितीही मिळवा, तो विषय राहिलाच.

चौदावा प्रश्न असा होता: खालीलपैकी कोणत्या क्षाराचं पाण्यातलं द्रावण उदासीन असतं? उदासीन म्हणजे आम्लधर्मीही नाही आणि अल्कधर्मीही नाही. पर्याय होते सोडियम कार्बोनेट, अमोनियम क्लोराइड, सोडियम अॅसिटेट आणि पोटॅश अॅलम, म्हणजे आपली तुरटी. उत्तरसूचीत मी तुरटी लिहिली होती.

ती तिथे कशी आली तेही सांगते. हा प्रश्न माझ्या संग्रहात जुना होता आणि त्यात चौथा पर्याय पोटॅशियम सल्फेट होता. ते उत्तर बरोबर होतं. पण आधीच्या वर्षाच्या मुलांकडून ते प्रश्न या मुलांपर्यंत पोचले आहेत असं कळलं, म्हणून मी प्रत्येक प्रश्नात थोडाफार फरक करत सुटले. एका बैठकीत वीस प्रश्न. चौदाव्यापाशी आल्यावर पोटॅशियम सल्फेट खोडलं आणि पोटॅश अॅलम टाकलं. त्यातही पोटॅशियम सल्फेट असतंच, एवढाच विचार तेव्हा डोक्यात आला असावा. त्यात अॅल्युमिनियमही असतं, हे मी दरवर्षी ज्या फळ्यावर लिहिते त्याच फळ्यासमोर बसून विसरले.

चूक दाखवली ती वर्गातल्या एका विद्यार्थिनीने. विद्यार्थिनी म्हणायचं खरं, पण वय तिशीच्या आसपास. एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात सांडपाणी शुद्धीकरणाच्या लॅबमध्ये ती नमुने तपासायचं काम करायची. बारावीनंतर शिक्षण सुटलं होतं. पदवी असेल तर केमिस्ट म्हणून घेऊ असं कंपनीने सांगितल्यावर तिने पुन्हा प्रवेश घेतला होता. सकाळी कॉलेज, तीनपासून दुसरी पाळी. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, कमी बोलायची, आणि वहीत माझी वाक्यं जशीच्या तशी उतरवायची नाही. स्वतःच्या शब्दांत लिहायची.

बुधवारी प्रॅक्टिकल संपल्यावर ती थांबली. बाकीचे गेल्यावर म्हणाली, "मॅडम, चौदाव्या प्रश्नाचं विचारायचं होतं."

"तू काय उत्तर दिलं होतंस?"

"मी काहीच दिलं नाही. सोडूनच दिला. मला चारांतलं एकही पटेना."

"तुरटी," मी म्हटलं.

"तेच तर. आमच्याकडे सांडपाण्यात तुरटीचा डोस दिला की पीएच खाली जातो. मग चुना टाकून वर आणावा लागतो. मी रोज मीटरवर बघते. मला वाटलं, शुद्ध पाण्यात वेगळं होत असेल. म्हणून म्हटलं विचारावं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि ते मला जास्त लागलं. तिला खरंच वाटत होतं की कारखान्यात ती जे बघते त्यापेक्षा माझ्या उत्तरसूचीत काही वेगळं शास्त्र असेल.

मी उठले. कपाटातून तुरटीची बाटली काढली, चमचाभर चुरा ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळला आणि पीएचची पट्टी बुडवली. पट्टी नारिंगी झाली, तांबूसकडे झुकणारी. रंगांच्या तक्त्याशी लावून बघितली. तीन आणि चारच्या मध्ये कुठेतरी. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी. यात वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. अॅल्युमिनियमचा आयन पाण्याच्या रेणूंना स्वतःभोवती धरून ठेवतो, त्या रेणूंतला हायड्रोजन सुटा होतो आणि द्रावण आम्लधर्मी होतं. हे मीच त्यांना नोव्हेंबरमध्ये शिकवलं होतं.

"तुझं बरोबर आहे," मी म्हटलं. "प्रश्न चुकलाय. चारही पर्याय चुकीचे आहेत."

ती लगेच म्हणाली, "राहू द्या मॅडम, माझे तसेही अठरा आहेत."

"तुझ्या अठराचा प्रश्न नाही," मी म्हटलं. माझा आवाज जरा कडक लागला असावा, कारण ती बॅग उचलायला लागली. मग मीच म्हटलं, "बरं केलंस विचारलंस ते."

त्या दुपारी मी सगळ्या मुलांची उत्तरं उघडून बसले. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी तुरटीवर खूण केली होती आणि त्यांना मार्क मिळाला होता. गंमत म्हणजे ज्यांचे एकूण मार्क चांगले होते, त्यांतल्या बऱ्याच जणांचा नेमका हा प्रश्न चुकलेला किंवा सोडलेला होता. चांगल्या प्रश्नात उलटं व्हायला हवं. ज्यांना विषय येतो त्यांना तो जास्त करून सुटायला हवा. मंगळवारी मार्क लावण्याआधी मी हा तक्ता पाच मिनिटं बघितला असता तरी शंका आली असती. पण तो बघायची सवयच नव्हती.

विभागप्रमुखांकडे गेले. सर माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे, शांत स्वभावाचे. त्यांनी पट्टीचा प्रकार ऐकून घेतला आणि म्हणाले, "मॅडम, यात एवढं काय आहे? ज्यांना तो मार्क मिळालेला नाही त्यांना देऊन टाका. कोणाचा एक मार्क वाढला म्हणून कोणी भांडायला येत नाही."

"पण मग मुलांना सांगायचं काय?"

"काहीच नाही. पोर्टलवर नवे मार्क दिसतील. मुलं खूश."

"आणि तुरटी उदासीन असते हे ज्यांनी उत्तरसूचीतून पाठ केलंय त्यांचं काय? लेखी पेपरात तेच लिहितील."

सर थोडे हसले. "मग वर्गात सांगा. ईमेल वगैरे नको. एकदा लिहून दिलं की ते सगळीकडे फिरतं."

मला ते पटलं नाही. चूक सूचीवर छापून सगळ्यांना दाखवली होती. ती दुरुस्त करताना मात्र चोरपावलांनी जायचं, हे बरोबर वाटेना. दुसरं असं की आमच्या कॉलेजच्या परीक्षा समितीचं एक पान होतं आणि त्यावर एक ओळ होती: रद्द झालेल्या प्रश्नाचे गुण उरलेल्या प्रश्नांवर त्या प्रमाणात वाटावेत. म्हणजे प्रश्न काढून टाकायचा, उरलेल्या एकोणीस प्रश्नांपैकी ज्याचे जितके बरोबर, त्याला विसाने गुणून एकोणिसाने भागायचं. एकोणीस बरोबर असतील तर वीस मार्क. सरसकट एक मार्क वाटण्यापेक्षा मला हे जास्त सरळ वाटलं. ज्याने काही केलंच नाही त्याला फुकट काही मिळणार नव्हतं.

"नियमात आहे तसंच करते," मी सरांना म्हटलं.

"करा," सर म्हणाले. "पण सोमवारच्या आत."

शुक्रवारी सकाळी मी एक्सेलच्या तक्त्यात सूत्र टाकलं. उत्तर अपूर्णांकात येतं आणि पोर्टल फक्त पूर्णांक घेतं, म्हणून जवळच्या पूर्णांकाला नेणारं नेहमीचं सूत्र वर चढवलं. अर्धा आणि त्याहून जास्त असेल तर वर, कमी असेल तर खाली. शाळेपासून आपण हेच करत आलो आहोत. वर्गाची सरासरी किंचित वाढली. नावांचा रकाना मी मुद्दाम लपवला होता, कोणाचं काय झालं ते बघून निर्णय बदलायचा मोह नको म्हणून. त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला. मग इंग्रजीत एक ईमेल लिहिला, दहाबारा ओळींचा. प्रश्न क्रमांक चौदा तांत्रिक कारणास्तव रद्द करण्यात येत असून नियमानुसार गुणांचं पुनर्वाटप करण्यात आलं आहे, अशा थाटाचा. सुधारित मार्कांची यादी जोडली, सगळ्या वर्गाला पाठवला आणि घरी गेले.

शनिवारी दुपारी एक उत्तर आलं. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी, दोन ओळी. मॅडम, पहिले माझे आठ होते, आता सात झाले. चूक तुमची होती तर मार्क माझा का गेला?

पाठवणारा मुलगा कोण ते मला माहीत होतं. डोंबिवली आणि कल्याणच्या मधल्या एका गावातलं जुनं घर. आजोबांची भातशेती होती, आता त्या जमिनीवर इमारती होत्या आणि घरातलं कोणीच शेती करत नव्हतं. मुलगा कबड्डी खेळायचा, उंच, खांद्याने रुंद, वर्गात मागे बसून खिडकीबाहेर बघणारा. मी त्याला कधी बोलले असेन तर ते त्या खिडकीवरूनच. दुसऱ्या वर्षाला तो दुसऱ्यांदा बसला होता.

माझी पहिली प्रतिक्रिया काही चांगली नव्हती. मनात आलं, नियम सगळ्यांना सारखा आहे, याचा मार्क मुळात चुकीच्या उत्तराचाच होता. तसं उत्तर मी टाइपही केलं. मग पाठवण्याआधी तक्ता उघडला, नावांचा रकाना पुन्हा दाखवला, जुने मार्क नव्या मार्कांशेजारी ठेवले आणि फरकाप्रमाणे लावून बघितले.

पाच जणांचा एकेक मार्क गेला होता. पाचही खालच्या टोकाचे. दोघं आठावरून सातावर आले होते, म्हणजे पासचे नापास झाले होते. आणि वरच्या टोकाला एकाचाही मार्क कमी झाला नव्हता. उलट कित्येकांचा वाढला होता. नियम सारखा होता, सूत्र सारखं होतं, तरी असं का व्हावं ते मला कळेना.

कल्याणला राहणारी माझी एक मैत्रीण आमच्याच कॉलेजात गणित शिकवायची. तिला फोन केला. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "सात गुणिले वीस भागिले एकोणीस किती येतात?"

"सात पूर्णांक सदतीस."

"म्हणजे तुझं सूत्र त्याला सातावर आणणार. आता पंधरा बरोबर असलेल्याचे कर."

"पंधरा पूर्णांक एकोणऐंशी. सोळा."

"झालं तर. अगं, प्रत्येकाला त्याच्या बरोबर उत्तरांच्या एकोणिसाव्या भागाइतकं वाढवून मिळतंय. नऊपर्यंत ती वाढ अर्ध्याहून कमी आहे, म्हणून तू ती कापून टाकतेस. दहापासून पुढे अर्ध्याहून जास्त आहे, म्हणून तू ती पूर्ण मार्क करून देतेस. ज्याला जास्त येतं त्याला मार्क, ज्याला कमी येतं त्याला काही नाही. आणि कमी येणाऱ्याने तुरटी लिहिली असेल तर त्याचा आधीचाही गेला."

मी कागदावर एक ते एकोणीस आकडे मांडले आणि एकेकाचा हिशोब केला. ती म्हणत होती तसंच होतं. नावं लपवून मी निःपक्षपातीपणाचं समाधान मिळवलं होतं आणि पक्षपात सूत्रातच बसलेला होता.

"मग करू काय?"

"अपूर्णांक आला की नेहमी वरच्या पूर्णांकाला ने. सात पूर्णांक सदतीसचे आठ. कोणाचाच मार्क जाणार नाही. शून्यवाला कोणी नाही ना?"

"नाही. सगळ्यात कमी पाच आहेत."

"मग प्रश्नच मिटला. आणि आणखी एक बघ. असं केलंस की प्रत्येकाला एकोणिसातले जेवढे, त्यात एक मिळवून येतं. म्हणजे तुमचे सर पहिल्या दिवशी जे म्हणत होते तेच झालं."

ती हसली नाही, हे तिचं चांगलं.

रविवारी मी त्या मुलाला उत्तर पाठवलं: तुझा प्रश्न रास्त आहे, सोमवारी सकाळी लेक्चरच्या आधी भेट. तो पावणेसातला स्टाफरूमच्या दाराशी उभा होता. आत बोलावलं तरी बसला नाही.

"तू तुरटी का लिहिलंस?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याला वाटलं मी उलटतपासणी घेतेय. म्हणाला, "मॅडम, तुम्हीच शिकवलेलं ना. कार्बोनेट अल्कधर्मी. अॅसिटेट पण अल्कधर्मी. अमोनियम क्लोराइड आम्लधर्मी. तीन गेले. मग उरली ती तुरटी. तुरटीचं मला माहीत नव्हतं, पण चारातलं एक तर बरोबर असणारच ना."

तीनही कारणं त्याने न अडखळता सांगितली. चाचणीतल्या इतर प्रश्नांत त्याने बहुतेक अंदाजाने खुणा केल्या असतील, पण इथे तो विचार करून पोचला होता. चारातलं एक बरोबर असणार हा विश्वास माझ्यावरचा होता आणि तो खोटा ठरवला होता मी.

"तुझं तिन्हींचं बरोबर आहे," मी म्हटलं. "चौथं मी चुकवलं. आणि मार्क लावतानाही चूक केली. तुझे आठ राहतील. फक्त तुझे नाही, ज्यांचे ज्यांचे गेले त्या सगळ्यांचे परत येतील. दुपारपर्यंत ईमेल येईल."

"मी भांडायला नव्हतो आलेलो," तो म्हणाला.

"माहितीये. भांडायला आला असतास तरी चाललं असतं."

तो गेल्यावर मी सरांना भेटले. सगळा हिशोब सांगितला. ते कागद बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मग बुधवारी मी काय म्हणत होतो?"

"तुम्ही म्हणत होतात तेच आलं सर. पण आता ते का आलं ते सांगता येईल."

"आणि तुम्ही ते सांगणारच."

"हो."

"शुक्रवारचा ईमेल चुकला असंही लिहिणार?"

"त्याशिवाय कसं सांगणार?"

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नाइलाजाची ते मी विचारलं नाही.

ईमेल लिहायला मला दीड तास लागला. शुक्रवारचा पंधरा मिनिटांत झाला होता. आमचं शिकवण्याचं माध्यम इंग्रजी, वर्गात गुजराती, तमिळ, हिंदी बोलणारी मुलंही होती, म्हणून वर इंग्रजी मजकूर ठेवला आणि खाली तोच मराठीत. मराठी भाग असा होता:

"विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

चाचणीतला चौदावा प्रश्न रद्द केला आहे. त्या प्रश्नात दिलेल्या चारही पर्यायांपैकी एकही उत्तर बरोबर नव्हतं. उत्तरसूचीत तुरटी असं दिलं होतं, ते चूक आहे. तुरटीचं द्रावण आम्लधर्मी असतं, कारण त्यातला अॅल्युमिनियमचा आयन पाण्याच्या रेणूंमधून हायड्रोजन आयन सुटे करतो. प्रश्नात बदल करताना ही चूक माझ्याकडून झाली. तुमच्यापैकी एका विद्यार्थिनीने ती लक्षात आणून दिली.

शुक्रवारी पाठवलेली सुधारित यादी बाद समजा. त्या यादीत मी अपूर्णांक जवळच्या पूर्णांकाला नेले होते. त्यामुळे नऊ किंवा त्याहून कमी उत्तरं बरोबर असलेल्यांना प्रश्न रद्द होण्याचा काहीच फायदा मिळाला नाही आणि काहींचा आधीचा मार्कही गेला. हे योग्य नव्हतं. ही चूकही माझीच आहे.

आता हिशोब असा आहे. चौदावा प्रश्न सोडून उरलेल्या एकोणीस प्रश्नांपैकी तुमची जितकी उत्तरं बरोबर, त्याला विसाने गुणायचं आणि एकोणिसाने भागायचं. उत्तर अपूर्णांकात आलं तर पुढचा पूर्णांक घ्यायचा. उदाहरणार्थ, सात बरोबर असतील तर सात पूर्णांक सदतीस येतात; मार्क आठ. पंधरा बरोबर असतील तर पंधरा पूर्णांक एकोणऐंशी येतात, मार्क सोळा.

ज्यांनी तुरटी लिहून मार्क मिळवला होता त्यांचे एकूण मार्क मंगळवारी होते तितकेच राहतील. बाकी सगळ्यांचा एक मार्क वाढेल. मंगळवारच्या यादीपेक्षा कोणाचाही मार्क कमी होणार नाही.

स्वतःचा हिशोब करून बघा. जुळला नाही तर आज चार वाजेपर्यंत मला स्टाफरूममध्ये भेटा किंवा उत्तर पाठवा. पाच वाजता मार्क पोर्टलवर कायम होतील. त्यानंतर बदल करायला विद्यापीठाची परवानगी लागते.

ज्यांनी इतर तीन पर्याय विचार करून बाद केले होते त्यांची पद्धत बरोबर होती. लेखी परीक्षेत मात्र तुरटी उदासीन असं लिहू नका."

शेवटचं वाक्य लिहिल्यावर वाटलं, हे फार साधं झालं. पण कापलं नाही. पाठवायच्या आधी गणिताच्या मैत्रिणीला वाचायला दिलं. तिने एकच सुधारणा केली. मी आधी "कोणाचाही मार्क कमी होणार नाही" एवढंच लिहिलं होतं, तिने विचारलं, "कशापेक्षा? मंगळवारच्या यादीपेक्षा की शुक्रवारच्या?" ते मी घातलं. खरं तर दोन्ही याद्यांपेक्षा कमी होत नव्हता, पण मुलांच्या डोक्यात पहिली यादीच होती.

ईमेल साडेबाराला गेला. चारपर्यंत तिघं भेटायला आली. एकाने अपूर्णांक वर नेऊन त्यात पुन्हा एक मिळवला होता, त्याला समजावून सांगितलं. दुसऱ्या मुलीचं म्हणणं वेगळं होतं. तिचे मंगळवारी सतरा होते, तुरटी लिहून. "मॅडम, माझे सतराच राहिले आणि जिचा प्रश्न चुकलेला तिचे सोळाचे सतरा झाले. मग मी बरोबर लिहिलं त्याचं काय?"

"तू बरोबर लिहिलं नव्हतंस," मी म्हटलं. "तिनेही नव्हतं. त्या प्रश्नात बरोबर लिहिण्याजोगं काही नव्हतंच. तो बाजूला ठेवला तर तुमच्या दोघींची सोळा सोळा उत्तरं बरोबर आहेत. म्हणून मार्क सारखे."

तिला ते पटायला वेळ लागला. समाधान झालं असं मी म्हणणार नाही. "ठीक आहे मॅडम" म्हणून गेली. तिसरी होती ती कारखान्यातली विद्यार्थिनी. पाळीवर जाताना वाटेत दाराशी थांबली, आत आली नाही.

"मॅडम, ईमेलमध्ये माझं नाव नाही घातलंत ते बरं केलंत."

"घालायला हवं होतं का, असा विचार करत होते."

"नको. काहींचे मार्क गेलेले ना मधे. मला वाटायला लागलं, मी उगाच बोलले."

"तू बोलल्यामुळे गेले नाहीत. माझ्या सूत्रामुळे गेले."

तिने मान डोलावली आणि घड्याळाकडे बघत निघून गेली. पावणेपाचला मी आणि सरांनी दोघांनी मिळून पोर्टलवरचे आकडे यादीशी ताडून बघितले. सर वाचत होते, मी खूण करत होते. मग मी कायम करण्याचं बटण दाबलं.

मार्चमध्ये परीक्षा समितीची बैठक झाली तेव्हा सरांनीच तो विषय काढला. नियमाच्या त्या ओळीपुढे आणखी एक ओळ घातली गेली: पुनर्वाटपात अपूर्णांक आल्यास पुढील पूर्णांक धरावा आणि कोणत्याही विद्यार्थ्याचे मूळ गुण कमी होऊ नयेत. बैठकीत ती कोणाच्या चुकीवरून आली हे सरांनी सांगितलं नाही. मी सांगितलं. कोणी फारसं लक्ष दिलं नाही; पुढचा विषय पंख्यांच्या दुरुस्तीचा होता.

त्या वर्षी लेखी पेपरात क्षारांच्या द्रावणांवर प्रश्न आला होता, तुरटीचा नव्हता. कबड्डीवाला मुलगा रसायनशास्त्रात पास झाला, गणितात राहिला आणि तो विषय त्याने ऑक्टोबरच्या परीक्षेत सोडवला. कारखान्यातली ती विद्यार्थिनी पदवीनंतर केमिस्ट झाली, पण त्या कंपनीत नाही. अंबरनाथच्या दुसऱ्या एका कंपनीत. निघताना ती सांगायला आली होती. तिच्या जुन्या कंपनीने पदवी बघून थोडं थांबा म्हटलं, आणि ती थांबली नाही.

माझ्यात फरक पडला तो एवढाच. त्यानंतर दर चाचणीआधी मी माझी प्रश्नपत्रिका मैत्रिणीसमोर ठेवायचे, उत्तरसूची न देता. तिला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण ती प्रत्येक पर्यायापाशी थांबून विचारायची, "हा का नाही?" आणि मला चारांपैकी तीन पर्यायांची कारणं तोंडी द्यावी लागायची. कधी कधी एखादं देता यायचं नाही. मग तो प्रश्न आम्ही तिथेच, परीक्षेच्या आधी, खोडायचो.